रोज रात्री अडीचला बाळ घामाघूम होऊन उठतं: हीटर, पंखा आणि खोलीतल्या कोरड्या हवेचा आमचा घोळ आणि तो कसा सुटला

ज्यांचं बाळ थंडीत रोज ठराविक वेळेला रडत उठतं आणि दूध पाजलं, डायपर बदलला, कडेवर घेऊन फेऱ्या मारल्या तरी शांत होत नाही, त्यांनी हे एकदा वाचा, कारण आमचं जवळपास तीन आठवडे हेच चाललं होतं आणि आम्ही जे उपाय करत होतो त्यानेच ते वाढत होतं.

आधी परिस्थिती सांगते. आम्ही नाशिकला, बिल्डिंगमध्ये सगळ्यात वरचा मजला, जानेवारी महिना, लेक चार महिन्यांची, पूर्ण दिवसांची आणि वजन व्यवस्थित (हे मुद्दाम सांगतेय, खाली त्याचा संबंध आहे). निफाडला पारा उतरला की इकडे आमच्याकडेही पहाटे हुडहुडी भरते, वरून स्लॅब गार, त्यामुळे सासूबाईंचं आणि माझं एकमत होतं की पोरीला थंडी बाधता कामा नये. खोली दहा बाय अकरा, त्यात २००० वॅटचा ब्लोअर हीटर, दार बंद, खिडकी बंद, दाराच्या फटीला जुनी चादर. पोरीच्या अंगावर आत बनियन, वर पूर्ण बाह्यांचं झबलं, त्यावर विणलेला स्वेटर, डोक्याला कुंची, हातमोजे, पायमोजे, मग दुपट्यात घट्ट गुंडाळलेली आणि वरून फ्लीसचं ब्लँकेट. आता लिहिताना मलाच घाम फुटतोय.

ती साडेदहाला झोपायची आणि दोन ते तीनच्या मधे किंचाळत उठायची. हात लावला की हात गार. झालं, "बघ गं, किती गार पडलीय", की हीटर अजून एक आकडा वर आणि अंगावर अजून एक शाल. सकाळी नाकात सुकलेला शेंबूड, गाल लाल, आणि मानेच्या वळीत बारीक बारीक पुरळ. मला वाटलं दुधाचं काहीतरी उतरून झालं असेल. डॉक्टरांनी मान बघितली आणि म्हणाले या घामोळ्या आहेत, जानेवारीत घामोळ्या म्हणजे तुम्ही पोरीला उकडवताय.

मुद्दा हा की हाताला लागलेल्या गारव्यावरून निर्णय घेणं हीच आमची मूळ चूक. लहान बाळाचं रक्त आधी पोटाकडे, छातीकडे, डोक्याकडे जातं, हातापायांच्या टोकांना ते उशिरा आणि कमी पोचतं, म्हणून हात गार आणि अंग तापलेलं हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं, आमच्याकडे तसंच होतं. बघायचं ते मानेच्या मागे, कॉलरच्या आत दोन बोटं घालून, किंवा छातीवर. तिथे कोमट आणि कोरडं लागलं तर सगळं ठीक. गरम आणि ओलसर लागलं तर बाळ तापलंय, मग हात कितीही गार असू देत. मान, छाती पण गार लागली तर मात्र खरंच थंडी वाजतेय, एक थर वाढवा, आणि कपडे वाढवूनही अंग गार किंवा बाळ मलूल राहिलं तर डॉक्टर.

इथे एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. बाळ अगदी नवजात असेल, आठव्या महिन्यात झालेलं असेल किंवा वजन कमी असेल तर पोट गरम पण तळपाय गार हे थंडी लागायला सुरुवात झाल्याचं लक्षण धरतात, दवाखान्यात नर्स आणि आशाताई आईला पोटाला आणि तळपायाला हात लावून बघायला शिकवतात ते म्हणूनच. तशा बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून ठेवायला सांगतात, टोपीही ठेवायला सांगतात. त्यामुळे तुमचं बाळ त्या गटातलं असेल तर माझी पोस्ट बाजूला ठेवा आणि डॉक्टरांनी सांगितलंय तेच करा.

आता शोधाशोध कशी केली ते. पहिली गोष्ट म्हणजे आम्ही काहीच बदललं नाही, फक्त मोजलं. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल मीटर आणलं. हे कुठे ठेवता त्यावर सगळं अवलंबून आहे, आमच्या ह्यांनी ते आधी भिंतीला चिकटवलं, बाहेरची भिंत, ती गार, आकडा २१ दाखवतोय आणि आपल्याला वाटतंय सगळं छान. पाळण्यापाशी, बाळाच्या उंचीला, भिंतीपासून आणि हीटरच्या झोतापासून लांब ठेवलं तेव्हा खरा आकडा आला.

आणि मीटर खरं बोलतंय का तेही तपासा, स्वस्तातल्या मीटरमधे आर्द्रतेचा आकडा हमखास पाच-सात इकडेतिकडे असतो. सोपी पद्धत आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ घ्या, त्यात पाण्याचे थोडे थेंब टाका, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, मीठ विरघळून पाणी होता कामा नये. ते झाकण आणि मीटर एकत्र झिपवाल्या पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवं. आमच्यात ७० दिसलं, म्हणजे आमचं मीटर पाच कमी दाखवतं, मागे पट्टी लावून लिहून ठेवलं, आणि खाली दिलेल्या आकड्यांत ते पाच मी मिळवलेले आहेत.

पहिल्या रात्रीची नोंद अशी: दहा वाजता २३ अंश, आर्द्रता ४५. साडेअकराला २८ अंश. अडीच वाजता, ती रडत उठली तेव्हा, साडेतीस अंश आणि आर्द्रता २७. साडेतीस! बाहेर नाशिकची थंडी आणि पाळण्याजवळ एप्रिल, आणि त्या एप्रिलमधे पोरगी स्वेटर घालून. मानेला हात लावला तर केस ओले. काखेत थर्मामीटर लावला तर ९९.८ फॅरनहाइट. कुंची, मोजे, स्वेटर काढलं, हीटर बंद, दार उघडलं, दूध पाजलं, वीस मिनिटांनी परत बघितलं तर ९८.४ आणि ती झोपलेली.

ही वीस मिनिटांची चाचणी उपयोगी आहे, कारण ताप आहे की नुसतं उकडलंय हे त्यातून कळतं. उकडलेलं असेल तर थर काढल्यावर उतरतं आणि बाळ निवांत होतं. पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि थर्मामीटरवर १००.४ किंवा वर आलं तर चाचण्या करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. मोठ्या बाळातही थर काढून ताप उतरला नाही, किंवा बाळ मलूल आहे, दूध ओढत नाही, श्वास भराभर चाललाय, हात सोडला की ढिला पडतोय, तर तेच. ओल्या फडक्याने पुसायला गार पाणी घेऊ नका, कुडकुडायला लागतं.

आता हीटर एवढा का चढत होता? त्याचा थर्मोस्टॅट हीटरच्या पोटात असतो, हीटर जमिनीवर, खिडकीखाली, जिथे फटीतून गार वारा येतो. त्याला वाटतं खोली गार आहे, तो चालूच राहतो. तिकडे गरम हवा वर चढते आणि पाळणा उंचावर. आम्ही जमिनीलगत आणि पाळण्याच्या उंचीवर एकाच वेळी मोजलं तर तीन अंशांचा फरक निघाला. नॉबवरचे आकडे, एक ते सहा, हे अंश नाहीतच, ते फक्त कमी-जास्त आहे, हे मला बत्तिसाव्या वर्षी कळलं.

दुसरी गोष्ट नाकाची. सासूबाई म्हणत होत्या हीटर हवा खातो. साधा विजेचा हीटर प्राणवायू खात नाही, कारण त्यात काही जळत नाही. पण हवा कोरडी होते हे खरं आहे आणि त्याचं कारण गंमतशीर आहे, हीटर हवेतलं पाणी काढून घेत नाही, पाणी तेवढंच राहतं, गरम हवेची पाणी धरायची ताकद मात्र वाढते. बाहेरची हवा १५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के आहे असं धरा, तीच हवा आत येऊन २८ अंशांना गेली तर आर्द्रता उरते साधारण २७ टक्के. एक थेंबही कुठे गेला नाही तरी निम्म्याहून कमी. म्हणजे जेवढं जास्त तापवाल तेवढी खोली कोरडी, नाक तेवढं सुकणार, बाळ नाकानेच श्वास घेतं, नाक बंद झालं की दूध ओढताना चिडणार. म्हणून नाकाचा पहिला उपाय ह्युमिडिफायर नाही, हीटर कमी करणं हा आहे. आम्ही नुसतं तापमान खाली आणलं तर २७ वरून ३९-४० वर आपोआप आलो.

वाटीत पाणी ठेवायचा प्रयोग आम्हीही केला, दोन वाट्या, मीटरवर ढिम्म फरक नाही. ओला पंचा दोरीवर, हीटरपासून लांब वाळत घातला तर तीन-चार टक्के वाढतात, ते बऱ्यापैकी. हीटरवर कपडे वाळवू नका, आग लागते. ह्युमिडिफायर घ्यायचाच तर गार वाफेचा, पाणी रोज बदलायचं आणि टाकी रोज धुऊन वाळवायची, एकदा मी तीन दिवस विसरले तर आत बोटाला बुळबुळ लागली, तीच बुळबुळ बारीक तुषार होऊन पोरीच्या नाकात जाणार ना. बोअरचं जड पाणी घातलंत तर फर्निचरवर पांढरी भुकटी बसते, आरओचं घाला. आणि ६० च्या वर नेऊ नका, खिडकीच्या काचेवर आतून पाणी साचायला लागलं म्हणजे जास्त झालं, मग कोपऱ्यात बुरशी. गरम वाफेचं मशीन पाळण्याजवळ नकोच, भाजायची भीती.

दुसऱ्या रात्री एकच बदल केला, हीटर साडेनऊ ते साडेदहा चालवून खोली गरम केली आणि झोपताना बंद. (एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.) कपडे: सुती बनियन, पूर्ण बाह्यांचं झबलं-पायजमा, पायमोजे आणि वरून बिनबाह्यांची झोपायची पिशवी, तीच जी चेन लावून पायापर्यंत येते. कुंची नाही, हातमोजे नाहीत, सुटं ब्लँकेट नाही. सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लिहीत नाही. तीन वाजता खोली १९ अंश, मान कोमट आणि कोरडी, हात गार, पोरगी झोपलेली. पाचला उठली, दूध प्यायली, परत झोपली.

कुंचीचं सांगते, कारण यावर घरोघरी भांडणं होतात. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं, उकडलं तर उष्णता बाहेर टाकायची ती मोठी वाट आहे, आपण तीच बंद करतो, शिवाय झोपेत टोपी सरकून नाकावर येऊ शकते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ च्या सूचनांमधे घरात झोपताना बाळाला टोपी नको असं लिहिलंय, जन्मानंतरचे पहिले काही तास आणि अतिदक्षता कक्षातली बाळं सोडून. जास्त उकडणं हे झोपेत अचानक बाळ दगावण्याच्या धोक्यांपैकी एक धरलं जातं, पाठीवर झोपवा आणि सुटी पांघरुणं नकोत हेही त्याच यादीतलं. बाहेर न्यायचं असेल, सकाळच्या उन्हात, तर खुशाल कुंची घाला, ती असते सुंदरच.

किती अंश ठेवायचे हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि उत्तरं वेगवेगळी मिळतात, इंग्लंडमधे १६ ते २० सांगतात, आपल्याकडे डॉक्टर एसीसाठी २४ ते २६ म्हणतात, आणि दोन्ही बरोबर आहेत कारण तिकडे बाळ जाड पिशवीत असतं आणि इकडे पातळ सुती झबल्यात. आकडा कपड्यांशिवाय काही सांगत नाही. मी धरलेलं गणित असं, त्या खोलीत मी स्वतः जेवढे कपडे घालून निवांत बसेन तेवढे बाळाला आणि फार तर एक थर वर. आम्ही हिवाळ्यात २० ते २२ वर स्थिरावलो.

पण एक आठवड्याने थंडीची लाट आली, पहाटे खोली साडेसोळावर गेली आणि मान पण गारेगार लागली, तेव्हा रात्रभर हीटर लागणारच होता. ब्लोअर ठेवून दिला आणि तेलाचा रेडिएटर आणला, तो हळू तापतो, झोत नसतो, आवाज नसतो. त्याच्या नॉबवर तीन रात्री थोडं थोडं फिरवून बघितलं, जिथे पाळण्याजवळ पहाटे २१ मिळालं तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. आता घरातलं कुणीही, कितीही माया आली तरी, ठिपक्याच्या पुढे जायचं नाही असा नियम. दाराच्या फटीतली चादर काढली, दार चार बोटं उघडं. आणि छताचा पंखा एकवर, हो थंडीत, कारण वर साठलेली गरम हवा खाली मिसळते, जमीन आणि पाळणा यातला तीन अंशांचा फरक एकवर आला. झोत मात्र पाळण्यावर येता कामा नये, आमचा पाळणा पंख्याच्या बरोबर खाली होता तो कोपऱ्यात सरकवला.

हीटरच्या वायरचं विसरू नका. २००० वॅट म्हणजे जवळपास नऊ अँपिअर, मोबाइल चार्जरचं सहा अँपिअरचं सॉकेट किंवा स्वस्तातलं एक्स्टेन्शन त्यासाठी नाहीच. आमच्या एक्स्टेन्शनचं प्लास्टिक पिवळट पडून वास यायला लागला होता. मोठ्या तीन पिनांच्या पॉवर सॉकेटला थेट लावा, अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा, चटका बसत असेल तर इलेक्ट्रिशियन बोलवा. पडदा, पांघरूण, पाळणा सगळं तीन फूट लांब.

आणि शेगडी. मालिश करणाऱ्या मावशी आंघोळीनंतर निखाऱ्यावर ओवा, वावडिंग टाकून धुरी द्यायच्या आणि मग शेगडी तशीच बंद खोलीत राहायची, "ऊब राहते". हे मात्र अजिबात नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, बंद खोलीत आई आणि बाळ दोघंही झोपेतच बेशुद्ध होऊ शकतात. हवा खाणारी वस्तू खरं तर हीच. मावशींना मी सांगितलं धूर पोरीच्या छातीला नको, त्या थोड्या रुसल्या, मग ओव्याची पुरचुंडी उशाशी ठेवायला लागल्या, मी ती रात्री पाळण्यातून काढून ठेवते.

आता मे आहे आणि मीटर उलट्या कामाला लागलंय. वरचा मजला, रात्री दहाला खोली ३३. इथे लक्षात ठेवायचं की पंखा खोली गार करत नाही, तो अंगावरची गरम हवा हलवतो, त्यामुळे खोली ३५ च्या वर गेली की पंखा म्हणजे गरम वाऱ्याचा झोत, बाळ आपल्याइतकं घामाने स्वतःला गार करू शकत नाही. नाशिक, नागपूर, संभाजीनगर अशा कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. आम्ही बंद खोलीत लावला तर तासाभरात आर्द्रता ८० झाली आणि तापमान दोनच अंश उतरलं, पोरगी चिकट. खिडकी उघडली तर आर्द्रता ५८ आणि खोली २८. नणंद मुंबईत असते, तिच्याकडे हवाच दमट, कूलरचा काही उपयोग नाही, ती एसी २६ ला लावून पंखा मंद ठेवते, झोत छताकडे.

उन्हाळ्यात पाळण्यावर डास येऊ नयेत म्हणून ओढणी टाकतात ते नको, आम्ही मीटर आत ठेवून बघितलं तर बाळ आत असताना वीस मिनिटांत आत दोन अंशांनी वाढलं, जाळीची मच्छरदाणी ठीक. कापडाची झोळी पण तशीच, दोन्ही बाजूंनी बाळाला लपेटून घेते, हवा लागतच नाही, आणि मान दुमडून हनुवटी छातीला टेकते ते वेगळंच. दुपारी फक्त बनियन आणि लंगोट, घामोळ्यांवर पावडर नाही, साध्या पाण्याने पुसून मोकळं. सहा महिन्यांच्या आत उकडतंय म्हणून वरचं पाणी द्यायचं नाही, अंगावर जास्त वेळा पाजायचं, लघवी दिवसातून सहा वेळा होतेय का एवढं बघायचं.

एकच गोष्ट अजून जमलेली नाही, आमचा रेग्युलेटर जुना आहे, एकवर ठेवला तरी पंखा तीनसारखा फिरतो. इलेक्ट्रिशियन रविवारी येतो म्हणालाय, तोपर्यंत पाळणा कोपऱ्यातच आहे.